‘जोखीम कुणाची?’

चार पानांचं काम होतं. एका म्युच्युअल फंड कंपनीच्या मासिक फॅक्टशीटमधल्या, म्हणजे माहितीपत्रकातल्या, दोन योजना, एक शेअरची आणि एक कर्जरोख्यांची, मराठीत करून हव्या होत्या. आकडे मे २०२५ अखेरचे. वाचक कोण, तर ज्यांनी आजवर बँकेची एफडी, पोस्टाची आरडी आणि भिशी यापलीकडे काही केलेलं नाही आणि आता महिन्याला पाचशे-हजार टाकायचा विचार करतायत असे लोक. मी पंधरा वर्षं अनुवाद करतेय, त्यात बँकांचे फॉर्म आणि विम्याची पत्रकं भरपूर. वाटलं, दोन दिवसांत होईल. सहा आठवडे लागले.

पहिला मसुदा खरंच दोन दिवसांत झाला होता. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ला प्रमाण विचलन, ‘एक्झिट लोड’ला निर्गमन भार, ‘एनएव्ही’ला निव्वळ मालमत्ता मूल्य. कोशात बसणारं, तपासनिसाला खोडता न येणारं मराठी. तो मसुदा मी आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या काकूंना वाचायला दिला. दुसरी प्रत सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका ओळखीच्या मामांना. माझी कल्पना अशी, की ते ‘प्रमाण विचलन’पाशी अडतील आणि मी तिथे एक टीप घालीन.

ते तिथे अडलेच नाहीत. न कळणारा शब्द आला की दोघंही सरळ पुढे जात होते, जसे आपण औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर सोडतो. घोटाळा झाला तो कळलेल्या शब्दांवर.

काकूंनी ‘तीन वर्षांचा परतावा १२.४%’ यावर बोट ठेवलं. “म्हणजे पैसे परत देणार ना?” मी म्हटलं, परत म्हणजे तसं नाही काकू, वाढ किती झाली ते. “मग परतावा का लिहिलंय? गॅसचं सिलिंडर परत केलं तेव्हा डिपॉझिटचा परतावा मिळाला होता मला.” बरोबर होतं त्यांचं. पैशाच्या पानांवर आपण ‘परतावा’ हा शब्द इतका वापरतो, की त्याचा घरातला अर्थ ‘परतफेड’ आहे हे विसरूनच जातो. परतफेड कबूल केलेली असते. म्हणजे त्या एका शब्दात मी नकळत हमी देऊन बसले होते.

त्याहून मोठा घोटाळा ‘जोखीम’ या शब्दाचा. शेअरच्या योजनेखाली ठरलेलं वाक्य असतं: गुंतवणूकदारांना समजते की त्यांचे मुद्दल अति उच्च जोखमीवर असेल. मामांनी ते वाचलं आणि समाधानानं मान हलवली. म्हणाले, “कंपनीनं मोठी जोखीम घेतलीया म्हणायची.”

मी थांबले. कंपनीनं?

यार्डात हळदीची पोती एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात न्यायची, तर ती मुकादमाच्या जोखमीवर जातात. पोतं फुटलं, भिजलं, तर तो जबाबदार. आमची आजीसुद्धा अंगावर दागिने असले की म्हणायची, “एवढी जोखीम घेऊन रात्रीच्या एसटीनं जाऊ नको.” म्हणजे जोखीम ही कुणीतरी सांभाळायची वस्तू आणि ज्याच्याकडे सोपवली त्याची जबाबदारी. या अर्थानं ‘मुद्दल अति उच्च जोखमीवर’ म्हणजे तुमचे पैसे फार मोठ्या जबाबदारीनं सांभाळले जातील! मूळ वाक्याच्या नेमकं उलटं. आणि व्याकरणात एक चूक नाही.

शब्द बदलता येतो का, ते पाहिलं. ‘धोका’ घेतला तर काकू म्हणाल्या, “धोका देणार म्हणजे फसवणार?” हिंदी सिनेमांनी तो अर्थ आपल्याकडे पक्का करून ठेवलाय. शिवाय ‘जोखीम’ हा शब्द सगळ्या जाहिरातींत रुळलेला आहे. फंडाच्या प्रत्येक जाहिरातीखालची ती ओळ, म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते, ही ठरलेली असते. तिला अनुवादकानं हात लावायचा नसतो. म्हणून शब्द तोच ठेवला आणि पहिल्या पानावर, सगळ्या आकड्यांच्या आधी, चौकटीत दोन वाक्यं घातली: ‘या पत्रकात जोखीम म्हणजे तुमचे पैसे कमी होण्याची शक्यता. ते कमी झाले तर भरपाई कंपनी देत नाही, नुकसान तुमचं असतं.’

कंपनीच्या नियमपालन विभागातल्या बाईंनी माझी बरीच वाक्यं कापली, पण ही दोन तशीच ठेवली. त्यांनी कापलं ते असं: कर्जरोख्यांच्या योजनेबद्दल मी कुठेतरी ‘तुलनेने सुरक्षित’ लिहिलं होतं. त्या फोनवर म्हणाल्या, “मॅडम, ‘तुलनेने’ कुणी वाचत नाही. ‘सुरक्षित’ वाचतात.” अनुवादावरचा इतका नेमका शेरा मला कुठल्या संपादकानंही दिलेला नाही.

आता त्या १२.४ टक्क्यांकडे परत येते, कारण ‘परतावा’ऐवजी ‘वाढ’ लिहिलं तरी अडचण संपत नव्हती. एफडीची सवय असलेला माणूस ‘तीन वर्षांत दरवर्षी १२.४%’ याचा अर्थ लावतो, की पहिल्या वर्षी १२.४, दुसऱ्या वर्षी १२.४, तिसऱ्या वर्षीही तेवढेच. फॅक्टशीटमधला आकडा तसा नसतो. सुरुवातीची रक्कम आणि शेवटची रक्कम घ्यायची आणि एकाच दरानं वाढली असती तर तो दर किती असता, ते मागून काढायचं. मधला रस्ता त्यात दिसतच नाही.

मी एक काल्पनिक उदाहरण मांडलं. दहा हजार रुपये टाकले. पहिल्या वर्षी ४ टक्के घट, उरले ९,६००. दुसऱ्या वर्षी ३१ टक्के वाढ, झाले १२,५७६. तिसऱ्या वर्षी १३ टक्के वाढ, झाले १४,२११. याचा वार्षिक दर काढला तर येतो १२.४ टक्के. तिन्ही वर्षांत एकदाही १२.४ टक्के वाढ झालेली नाही, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी पैशाची गरज लागली असती तर मुद्दलातले चारशे रुपये गेलेले असते. काकूंनी ते कागदावर स्वतः करून पाहिलं. मेसचा हिशोब ठेवणाऱ्या बाई, टक्केवारी त्यांना माझ्यापेक्षा लवकर येते. “म्हणजे हे सरासरी मार्कांसारखं,” म्हणाल्या, “गणितात नापास झालेलं पोरगं टक्केवारीत दिसत नाही.” गणिती दृष्टीनं ही साधी सरासरी नव्हे, पण पत्रकात मी मथळा तसाच सोपा ठेवला: ‘वर्षाला सरासरी वाढ (दरवर्षी एवढीच झाली असे नाही)’. नियमपालनवाल्या बाईंनी ‘चक्रवाढ’ शब्द जोडायला लावला. बरोबरच होतं ते.

नापास झालेलं पोरगं दाखवण्यासाठीच फॅक्टशीटमध्ये प्रमाण विचलन दिलेलं असतं. माझ्या योजनेचं होतं १४ टक्के. कोशातला शब्द सोडून मी त्याला ‘चढउतार’ म्हटलं आणि दुसऱ्या मसुद्यात लिहिलं: वाढीमध्ये वर्षाला साधारण १४ टक्क्यांचा चढउतार होऊ शकतो. हे वाक्य मामांना ऐकवलं. ते लगेच म्हणाले, “चालंल की. जास्तीत जास्त चौदा टक्के बुडणार. दहा हजाराला चौदाशे.”

माझं सगळ्यात सोपं वाक्य सगळ्यात चुकीचं निघालं. १४ टक्के ही तोट्याची कमाल मर्यादा नाही. तो तोटाच नाही. सरासरीपासून आकडे साधारण किती लांब जातात, याचं ते माप आहे. वर किंवा खाली, दोन्हीकडे.

मामांना ते हळदीवरून समजावलं. यार्डातल्या सौद्यात एकाच दिवशी दोन गाळ्यांवर सरासरी दर सारखा निघू शकतो. एका गाळ्यावर सगळी पोती त्या दराच्या आसपास गेलेली असतात, दुसऱ्यावर एक पोतं फार वर आणि एक फार खाली. सरासरी तीच, पण शेतकऱ्याच्या पोटातला गोळा वेगळा. मामांनी यात माझीच दुरुस्ती केली, म्हणाले, पोत्यापोत्यातला फरक मालाच्या प्रतीमुळं असतो, तुम्ही वर्षावर्षाचा दर घ्या. घेतला. एखाद्या वर्षी दर चढतो, पुढच्या वर्षी सगळे हळदच लावतात आणि दर बसतो. “हां, आता आलं ध्यानात.”

पत्रकात मात्र हळद चालणार नव्हती, रुपये हवे होते. सरासरी १२ टक्के आणि चढउतार १४ टक्के धरला, तर तीनांपैकी साधारण दोन वर्षांत दहा हजारांचे वर्षाअखेर ९,८०० ते १२,६०० यांच्या दरम्यान काहीतरी होतील. १२ मधून १४ वजा केले की उणे २, १२ मध्ये १४ मिळवले की २६. लोक इथेच थांबतात, आणि तिसऱ्या वर्षाचं काय हे विचारायचं राहून जातं. म्हणून ते मी ठळक अक्षरात लिहिलं: ‘तिसऱ्या वर्षी रक्कम याच्या बाहेर जाऊ शकते, वरही आणि खालीही. किती खाली, हे या आकड्यावरून कळत नाही.’

आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यावरून माझं कंपनीशी थोडं वाजलं. फॅक्टशीटमधलं प्रमाण विचलन सहसा मागच्या तीन वर्षांच्या मासिक आकड्यांवरून काढतात. छत्तीस महिने. मे २०२५चं पत्रक म्हणजे जून २०२२ पासून पुढचं. मार्च २०२० त्यात नाही. २०२० च्या मार्चमध्ये २३ तारखेला एका दिवसात शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे १३ टक्के पडला होता, तो दिवस या १४ टक्क्यांच्या हिशोबातून कधीच बाहेर पडलाय. २००८ तर लांबच. त्या वर्षाच्या सुरुवातीला वीस हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स वर्षाअखेरीस ९,६४७ वर होता, निम्म्याहून कमी. नवख्या माणसाला शांत तीन वर्षांचा आकडा दाखवायचा आणि वादळ सांगायचं नाही, हे मला पटेना. कंपनीचं म्हणणं, मूळ पत्रकात जे नाही ते अनुवादात कसं येईल? त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी २००८ नाही आलं, पण ‘हा आकडा फक्त मागील ३६ महिन्यांवरून काढला आहे, त्यापूर्वीची मोठी घसरण त्यात धरलेली नाही’ ही ओळ आली. छोट्या टायपात, पण आली.

बीटा आणि शार्प गुणोत्तरावर फार वेळ घालवला नाही. बीटा ०.९२, म्हणजे निर्देशांक दहा टक्के हलला तर योजना साधारण नऊ टक्क्यांच्या आसपास हलते, एवढं एक वाक्य. तिथे ‘बाजार पडला तर’ लिहिलं होतं ते बदलून ‘शेअर बाजाराचा निर्देशांक’ केलं, कारण मामांच्या डोक्यात बाजार म्हणजे यार्ड. शार्प गुणोत्तर, म्हणजे घेतलेल्या जोखमीच्या मानानं वाढ किती झाली त्याचं माप, तसंच ठेवलं आणि लिहिलं, की हा आकडा त्याच प्रकारच्या दुसऱ्या योजनेशी ताडून पाहायचा असतो, एकट्याला अर्थ नाही. निर्गमन भार गेला, ‘वर्षाच्या आत पैसे काढल्यास होणारी कपात’ आलं. एनएव्ही तशीच ठेवली, पुढे ‘एका युनिटची आजची किंमत’ जोडून. त्याखाली एक ओळ: ‘१० रुपयांचं युनिट स्वस्त आणि २५० रुपयांचं महाग असं नसतं.’ दहा हजारांचे एका ठिकाणी हजार युनिट मिळतील, दुसरीकडे चाळीस. दोन्ही ठिकाणी दहा टक्के वाढ झाली तर दोन्हीकडे अकरा हजारच होणार.

पण कर्जरोख्यांच्या योजनेनं खरा घाम काढला. लोकांना वाटतं शेअर म्हणजे भानगड आणि रोखे म्हणजे एफडीचा भाऊ. मूळ पत्रकात ‘यील्ड टू मॅच्युरिटी ७.२%’ असं होतं. मी लिहिलं ‘मुदतपूर्ती उत्पन्न’. काकूंनी वाचलं ७.२ टक्के व्याज. आणि ‘मॉडिफाइड ड्युरेशन २.६ वर्षं’ वाचून त्यांचा समज झाला की योजना २.६ वर्षांनी संपते आणि तेव्हा पैसे व्याजासकट मिळतात. दोन्ही चूक, आणि दोन चुका एकमेकींना इतक्या छान चिकटल्या की त्यातून एक अख्खी एफडी तयार झाली.

मग एफडीवरूनच जायचं ठरवलं. समजा तुमच्याकडे दहा हजारांची तीन वर्षांची पावती आहे, सात टक्क्यांची, आणि ती दुसऱ्याला विकता येते. दर वर्षाला ७०० रुपये व्याज, शेवटी दहा हजार. उद्या बाजारात आठ टक्के मिळायला लागले. आता तुमची सात टक्केवाली पावती कुणी पूर्ण दहा हजारांना घेईल का? काकू म्हणाल्या, “खुळा आहे का तो? कमी करून मागेल.” किती कमी? हिशोब केला तर तिची किंमत येते सुमारे ९,७४२ रुपये. म्हणजे दर एक टक्क्यानं वाढला आणि पावतीची किंमत २.६ टक्क्यांच्या आसपास उतरली. हाच तो २.६. तो मुदतीचा आकडा नाही, व्याजदर एक टक्का हलला तर किंमत किती हलेल त्याचा अंदाज आहे. दर उतरले तर किंमत साधारण तेवढीच चढते.

“पण मी पावती विकलीच नाही तर?” काकूंचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी योग्य होता. न विकता तीन वर्षं थांबलात तर तुमचे पूर्ण पैसे मिळतील, रोखे काढणाऱ्यानं बुडवले नाहीत तर. पण या फंडात तुमच्या हातात पावती नसते. फंडाकडे शेकडो पावत्या असतात, जुन्या संपतात, नव्या घेतल्या जातात, आणि युनिटची किंमत रोज त्या सगळ्यांच्या आजच्या भावानं ठरते. ‘संपली, घ्या पैसे’ असा दिवस येत नाही. ७.२ टक्के म्हणजे आज हातात असलेले रोखे शेवटपर्यंत ठेवले आणि सगळ्यांनी पैसे वेळेवर दिले तर, खर्च वजा होण्याआधी, साधारण सुटणारा दर. पत्रकात मी त्याला ‘आजच्या रोख्यांवरून काढलेला अंदाजी दर’ म्हटलं आणि पुढे लिहिलं: हे कबूल केलेले व्याज नाही.

त्याच पानावर दोन चित्रं होती आणि ती एकमेकांशी भांडत होती. एक रिस्कोमीटर, म्हणजे जोखीम दाखवणारा तो अर्धगोल काटा. बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनं जानेवारी २०२१ पासून त्याचे सहा टप्पे केले: कमी, कमी ते मध्यम, मध्यम, मध्यम उच्च, उच्च, अति उच्च. या योजनेचा काटा होता ‘कमी ते मध्यम’वर. शेजारी नऊ घरांचा तक्ता, कर्जरोख्यांच्या योजनांना डिसेंबर २०२१ पासून तो द्यावाच लागतो, आणि त्यात खूण होती अशा घरात, जिथे लिहिलंय ‘तुलनेने उच्च व्याजदर जोखीम’. एक म्हणतो कमी, दुसरा म्हणतो उच्च. मलाही आधी वाटलं, टंकताना चूक झालीय. चूक नव्हती. काटा दाखवतो योजनेकडे महिन्याअखेर प्रत्यक्ष काय आहे ते. तक्ता दाखवतो योजनेला जास्तीत जास्त कुठवर जायची मुभा आहे. मी लिहिलं: काटा म्हणजे गाडी आत्ता किती वेगानं चाललीय, तक्ता म्हणजे तिला किती वेगापर्यंत जाता येईल. हे एकदाच लिहिलं आणि सगळ्यांना कळलं. सहा आठवड्यांत असं एकदाच झालं.

टप्प्यांची नावं मला बदलता येत नव्हती. ‘मध्यम’ला माझा आक्षेप होता. आमच्याकडे मिसळ मागताना मध्यम म्हणजे सगळ्यांना झेपेल ती. मामांचंही तेच, “मध्यम म्हंजे आपल्यासारख्याचं.” या काट्यावर मध्यम म्हणजे झेपेल असं नव्हे, खालून तिसरी पायरी एवढंच. दुसऱ्या टोकाला आणखी अडचण: शेअरच्या योजना बहुतेक सगळ्या ‘अति उच्च’वरच असतात. मोठ्या कंपन्यांची योजना आणि अगदी छोट्या कंपन्यांची योजना, दोघींचा काटा एकाच जागी. त्या दोघींत निवड करणाऱ्याला तो काटा काही सांगत नाही. तिथे पुन्हा चढउताराच्या आकड्याकडेच जावं लागतं, आणि तसं मी काट्याखाली लिहिलं.

पत्रक छापून आलं. चारची सहा पानं झाली होती. काकूंनी विचार करून पाच हजार रोख्यांच्या योजनेत टाकले, शेअरच्या नाही. मामांनी काही टाकलं नाही, पोरीच्या फीची तारीख जवळ होती. “तिसऱ्या वर्षाचं आपल्याला परवडत न्हाई,” म्हणाले.

तीन महिन्यांनी काकू पुढचं पत्रक घेऊन आल्या. आता दर महिन्याला मी त्यातले आकडे तेवढे बदलून देते. त्यांनी दोन्ही पत्रकं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि काट्यावर बोट ठेवलं. “हा इकडे होता ना? आता ‘मध्यम’वर कसा?” काटा दर महिन्याला नव्यानं तपासतात, रोखे बदलले की तो सरकतो, असं मी सांगितलं. आणि सरकला की कंपनी गुंतवणूकदाराला ईमेलनं नाहीतर एसएमएसनं कळवते, तुम्हालाही आला असेल. काकूंनी मोबाइल काढला, मागे जाऊन जाऊन तो शोधला. गॅस बुकिंग आणि लोनच्या जाहिरातींच्या मधे होता, न उघडलेला. इंग्रजीत.